देणगी मोहिमेची कॅप्शन: चाळीस रुपयांच्या एका ताटाचा हिशेब

दिवाळीच्या आधी-नंतर खानदेशातल्या लहान संस्थांच्या देणगीच्या आवाहनांनी मोबाईल भरून जातो. त्यांतल्या बहुतेकांचा मजकूर साधारण असा असतो: "ऊसतोड कामगारांच्या गरजू मुलांसाठी आमची संस्था गेली अनेक वर्षे कार्यरत आहे. आपल्या छोट्याशा मदतीने अनेकांच्या आयुष्यात उजेड येऊ शकतो. सढळ हाताने मदत करावी. अधिक माहितीसाठी संपर्क साधा." त्याखाली तीन मोबाईल क्रमांक असतात. या मजकुरात खोटे काहीच नाही, पण तो वाचून माणसाला दोन गोष्टी कळत नाहीत: आपण दिलेल्या पैशाचे नेमके काय होणार, आणि आत्ता, फोन हातात असताना, आपण काय करायचे. या लेखात ही कॅप्शन मोडून पुन्हा कशी बांधायची ते एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत पाहू.

उदाहरण कल्पित आहे, पण परिस्थिती ओळखीची आहे. शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. मुकादमाकडून उचल घेऊन गावातली बरीच जोडपी ऊसतोडीला जातात. मुले एकतर त्यांच्याबरोबर फडावर जातात आणि शाळा सुटते, किंवा आजी-आजोबांकडे राहतात. अशा मागे राहिलेल्या ३४ मुलांसाठी एक लहान नोंदणीकृत न्यास समाजमंदिराच्या खोलीत रोज संध्याकाळी अभ्यास घेतो आणि रात्रीचे जेवण देतो. पैसे पुरत नसल्याने गेल्या हंगामात हे स्वयंपाकघर १ डिसेंबरला सुरू झाले आणि ३० मार्चला बंद झाले, म्हणजे एकूण १२० संध्याकाळी चालले. यंदासाठी निधी जमवायचा आहे.

आधी वही, मग कॅप्शन

कॅप्शन लिहिण्याची सुरुवात वहीपासून करावी, आणि ती दोन वह्यांपासून: एक खर्चाची आणि दुसरी रोज किती ताटे वाढली त्याची. ज्या संस्थेकडे दुसरी वही नाही, तिने या वर्षी आकड्याचा नाद सोडून आधी ती वही सुरू करावी, हे मी स्पष्टच सांगतो. अंदाजाने लिहिलेला आकडा पहिल्याच चौकस देणगीदारापुढे कोसळतो.

आपल्या उदाहरणात ताटांच्या वहीत हंगामभरात ३,६०० ताटांची नोंद आहे. ३४ मुले आणि १२० दिवस यांचा गुणाकार केला तर ४,०८० येतात, पण मुले आजारी पडतात, मामाच्या गावाला जातात, काही मधूनच आई-वडिलांकडे फडावर जातात. म्हणून प्रत्यक्षात रोज सरासरी ३० ताटे वाढली गेली. भागाकार नेहमी वाढलेल्या ताटांनी करावा, ठरवलेल्या ताटांनी नव्हे. ठरवलेल्या ताटांनी भागले की खर्च कमी दिसतो आणि तो तसा नसतो.

आता खर्च पाहू. ज्वारी, डाळ, तेल, भाजी आणि मसाला मिळून ७५,६०० रुपये झाले. व्यावसायिक गॅसच्या सहा टाक्यांना १०,८०० रुपये लागले. स्वयंपाक करणाऱ्या दोन बायकांना प्रत्येकी रोजचे २०० रुपये मानधन दिले, त्याचे ४८,००० रुपये होतात. भांडी आणि किराणा आणण्याचे भाडे यांवर ९,६०० रुपये गेले. एकूण बेरीज १,४४,००० रुपये होते. तिला ३,६०० ताटांनी भागले की एका ताटाचा खर्च ४० रुपये निघतो.

इथे पहिला मोह समोर येतो. केवळ किराण्याचा खर्च धरला तर एक ताट २१ रुपयांत बसते, आणि "फक्त २१ रुपयांत एका मुलाचे जेवण" ही ओळ दिसायलाही छान आहे. पण भाकरी थापणाऱ्या बायकांचे मानधन आणि गॅस यांशिवाय ते ताट वाढले जात नाही. उरलेले १९ रुपये कुठून येतात हे कोणी विचारले की उत्तर देताना संस्थेची तारांबळ उडते. शिवाय लोकांनी २१ रुपयांच्या हिशेबाने पैसे दिले आणि "तीन हजार ताटांचे पैसे जमले" असे आपण जाहीर केले, तर प्रत्यक्षात जेमतेम निम्म्या ताटांची सोय झालेली असते. म्हणून सगळा खर्च धरूनच आकडा काढावा, आणि तो वाढतो याची लाज बाळगू नये. "यात स्वयंपाक करणाऱ्या दोघींचे मानधनही आले" हे एक वाक्य कॅप्शनमध्ये घातले की उलट विश्वास वाढतो, कारण वाचणाऱ्यालाही घर चालवण्याचा अनुभव असतो.

कोणता एक आकडा निवडायचा

आपल्या हातात आता बरेच आकडे आहेत: ३४ मुले, १२० संध्याकाळी, ३,६०० ताटे, ४० रुपये, १,४४,००० रुपये. हे सगळे एका कॅप्शनमध्ये घालण्याचा मोह विश्वस्तांच्या बैठकीत हमखास होतो, कारण प्रत्येकाला आपल्या जिव्हाळ्याचा आकडा त्यात हवा असतो. पण वाचणारा दोन-तीन सेकंदांत पुढे सरकतो आणि त्याच्या लक्षात एकच आकडा राहतो. तो कोणता राहावा हे आपण ठरवले नाही, तर बहुधा सर्वांत मोठा राहतो. १,४४,००० वाचून माणसाला वाटते, आपल्या हजाराने काय फरक पडणार?

आकडा निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: देणाऱ्याने एका वेळी सहज द्यावी अशी रक्कम आणि डोळ्यांसमोर उभे राहील असे काम, या दोन्ही गोष्टी कोणत्या आकड्यात एकत्र येतात? ४० रुपयांचे एक ताट डोळ्यांसमोर उभे राहते, पण ४० रुपये पाठवण्यासाठी कोणी फोन उघडत नाही, आणि उघडलाच तर ४० रुपयांच्या पावत्या फाडण्यात संस्थेचा वेळ जातो. एका मुलाचा पूर्ण हंगाम ४,८०० रुपयांचा होतो. तो काहींना जमेल, पण गटातल्या बहुतेकांना विचार करायला लावेल, आणि "विचार करून सांगतो" म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. मधला आकडा ३० संध्याकाळींचा आहे: एका मुलाचे महिनाभराचे रात्रीचे जेवण, १,२०० रुपये. काम आणि रक्कम या इथे एकाच आकड्याच्या दोन बाजू आहेत, म्हणून त्या एकत्र लिहिल्या तरी वाचणाऱ्याला ओझे होत नाही.

या निवडीचा आणखी एक फायदा आहे. ३,६०० ताटांना ३० ने भागले की १२० येतात, म्हणजे संपूर्ण मोहिमेचे उद्दिष्ट "१,२०० रुपयांचे १२० महिने" असे मांडता येते. पुढे प्रगती सांगताना लाखांची भाषा लागत नाही, "१२० पैकी ४७ महिन्यांची सोय झाली" एवढे पुरते.

मात्र इथेच एक खबरदारी घ्यावी लागते. "तुमचे १,२०० रुपये एका मुलाला मिळतील" असे लिहू नये. पैसे एकाच स्वयंपाकघरात एकत्र होतात, कोणा एका मुलाच्या नावावर जात नाहीत. "१,२०० रुपयांत एका मुलाच्या ३० संध्याकाळींच्या जेवणाचा खर्च निघतो" हे वाक्य खरे आहे आणि तितकेच बोलके आहे. दोन्ही वाक्यांतला फरक बारीक वाटतो, पण पहिले वाचून देणगीदार पुढच्या महिन्यात विचारतो, "माझा मुलगा कोणता? त्याचा फोटो पाठवा." त्यावर संस्थेकडे उत्तर नसते, आणि असूही नये.

गेल्या वर्षीचा दर यंदा जसाच्या तसा वापरू नये. मोहीम सुरू करण्याआधी किराणा दुकानातून डाळ, तेल आणि ज्वारी यांचे ताजे भाव घेऊन बेरीज पुन्हा करावी. ४० चे ४२ झाले तर महिन्याचे १,२६० लिहावेत. "सोपे पडते" म्हणून १,५०० करू नये, कारण मग आकडा हिशेबातून आलेला राहत नाही.

परिणाम सांगताना किती सांगायचे

जेवण दिले ही आपण केलेली कृती आहे. त्याने काय झाले, हा वेगळा प्रश्न आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले तर कॅप्शन फार मजबूत होते. आपल्या उदाहरणात शाळेच्या हजेरीपटावरून असे दिसले की ३४ पैकी २९ मुले मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निदान तीन दिवस शाळेत हजर होती. उरलेली पाच मधल्या काळात आई-वडिलांकडे गेली.

हा आकडा वापरताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली म्हणजे "किती पैकी किती" हे दोन्ही लिहावे. नुसते "२९ मुले शाळेत टिकली" असे लिहिले की एकूण किती होती ते लपवल्यासारखे होते, आणि पाच मुले गेली हे सांगितल्याने आवाहन कमजोर होत नाही. दुसरी म्हणजे "टिकली" याची व्याख्या संस्थेने आपल्यापुरती लिहून ठेवावी. वर दिलेली "शेवटच्या आठवड्यात निदान तीन दिवस" ही अशी व्याख्या आहे. ती कॅप्शनमध्ये घालायची गरज नाही, पण कोणी विचारले तर सर्व कार्यकर्त्यांचे उत्तर एकच असले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. "आमच्या जेवणामुळे २९ मुले शाळेत राहिली" असे म्हणायला आपल्याकडे पुरावा आहे का? स्वयंपाकघर नव्हते त्या वर्षी याच गावातली किती मुले मार्चपर्यंत टिकली होती, हे जुन्या हजेरीपटातून काढता आले तर तुलना तरी करता येते. तेही झाले नाही, तर "मुळे" हा प्रत्यय टाळावा आणि दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवाव्यात: "हंगामभर रोज संध्याकाळी जेवण शिजले. ३४ पैकी २९ मुले मार्चअखेर शाळेत होती." वाचणारा संबंध स्वतः जोडतो, आणि आपण खोटे बोलत नाही.

याच न्यायाने एक गोड ओळ मला खोडावी लागते. "दिवाळी ते आखाजी, चूल पेटती ठेवू या" असे लिहिले तर खानदेशी माणसाच्या मनाला ते लगेच भिडेल, कारण आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माणसे परततात हे त्याला माहीत आहे. पण स्वयंपाकघर डिसेंबरात सुरू होऊन मार्चअखेर बंद होते. आखाजीपर्यंत चालवायचे असेल तर तसा खर्च मोजून उद्दिष्ट वाढवावे, मग ही ओळ हक्काने लिहावी.

पुढचे पाऊल एकच, आणि फोनवरच पूर्ण होणारे

"संपर्क साधा" हे पाऊल नव्हे, ते पाऊल शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर टाकणे आहे. मी ज्या एका लहान न्यासाला मदत करत होतो, तिथे आम्ही पोस्टरवर तीन कार्यकर्त्यांचे क्रमांक दिले होते. त्यांतला एक शेतात असे, दुसऱ्याला त्या पट्ट्यात रेंज नसे आणि तिसऱ्याला वाटे की पहिले दोघे बघत असतील. ज्यांनी फोन करून पाहिला, त्यांतल्या कितीजणांनी पुन्हा केला असेल याचा अंदाज करायला नको.

चांगल्या पावलात चार गोष्टी असतात: काय करायचे, किती रकमेचे, कुठे आणि कधीपर्यंत. आणि ते एकच असते. यूपीआय, बँक खाते, धनादेश, प्रत्यक्ष भेट आणि संकेतस्थळ असे पाच मार्ग एकाखाली एक दिले की वाचणारा निवड करत बसतो आणि निवड पुढे ढकलतो. मुख्य मार्ग यूपीआय ठेवावा. ज्याला दुसरा मार्ग हवा असेल तो विचारतोच.

यूपीआयच्या बाबतीत काही बारकावे नेहमी चुकतात. केवळ क्यूआर कोडचे चित्र पाठवले जाते, पण ज्या फोनवर ते चित्र दिसते त्याच फोनने ते स्कॅन करता येत नाही. चित्र साठवून ॲपमध्ये गॅलरीतून उघडावे लागते, आणि तितका खटाटोप प्रत्येकजण करत नाही. म्हणून क्यूआरबरोबर यूपीआय आयडी मजकूर म्हणून वेगळ्या ओळीत लिहावा, म्हणजे तो कॉपी करता येतो. तो रोमन लिपीतच हवा. बँक खाते क्रमांक कधी द्यावा लागला तर त्याचे अंकही रोमनच असावेत, कारण देवनागरी अंक ॲपमध्ये चिकटवले तर ते स्वीकारले जातील याची खात्री नसते. रक्कम मात्र देवनागरीत लिहायला हरकत नाही, ती वाचायची असते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. ते नाव संस्थेच्या बोलण्यातल्या नावापेक्षा वेगळे असेल तर सावध माणूस तिथेच थांबतो, आणि त्याने थांबावेच. म्हणून कोणते नाव दिसेल ते कॅप्शनमध्येच सांगावे. ते नाव एखाद्या कार्यकर्त्याचे असेल, तर कॅप्शन बाजूला ठेवून आधी न्यासाच्या खात्याची यूपीआय सोय करून घ्यावी. व्यक्तीच्या खात्यात देणगी घेणे हिशेबालाही चालत नाही आणि विश्वासालाही.

मुदतीची तारीख खरी असावी. "लवकरात लवकर" याचा अर्थ कोणीच लावत नाही. आपल्या उदाहरणात किराणा २५ नोव्हेंबरला भरायचा आहे, म्हणून मुदत २४ नोव्हेंबर ठेवली. कारण सांगितले की मुदतीला वजन येते: "२५ तारखेला पहिल्या महिन्याचा किराणा भरायचा आहे."

जोडलेली कॅप्शन

आता सगळे एकत्र लिहू. व्हॉट्सॲप गटासाठी मजकूर असा होईल (आयडी आणि नाव नमुन्यादाखल आहेत):

```
गेल्या हंगामात आई-वडील ऊसतोडीला गेले, तरी
३४ पैकी २९ मुले मार्चअखेर शाळेत होती.
रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी
आणि डाळ गावातच शिजत होती.

१,२०० रुपयांत एका मुलाच्या ३० संध्याकाळींच्या
जेवणाचा खर्च निघतो. स्वयंपाक करणाऱ्या दोघींचे
मानधन आणि गॅस यातच आले.

२४ नोव्हेंबरपर्यंत १,२०० रुपये इथे पाठवा:
sanstha@bank
नाव दिसेल: (न्यासाचे नोंदणीकृत नाव)
पाठवताना टिपेत "जेवण" लिहा. पावती दोन दिवसांत येईल.
```

यात काटेकोरपणे पाहिले तर दोन आकडे आहेत, २९ आणि १,२००. एक घडून गेलेल्या कामाचा, दुसरा आता करायच्या कामाचा. जागा कमी असेल तर पहिला गाळावा, दुसरा कधीही गाळू नये. ३,६०० ताटे, सहा टाक्या आणि १,४४,००० रुपये या मजकुरात नाहीत. ते वहीत आहेत आणि कोणी विचारले तर लगेच पाठवता येतील असा एक कागद तयार ठेवावा.

छायाचित्रात मुलांचे चेहरे नकोत. एका ओळीत मांडलेली रिकामी ताटे, परातीतले पीठ, भाकरी थापणारे हात, हे सगळे आकड्याशी थेट जोडलेले आहे. केविलवाणा चेहरा मात्र मजकुरातल्या "३० संध्याकाळी" पुसून टाकतो, आणि ते मूल दहा वर्षांनी ते छायाचित्र पाहील तेव्हा त्याला काय वाटेल, हाही प्रश्न आहेच.

जागा बदलली की मजकूरही बदलतो

व्हॉट्सॲप स्टेटसखालचा मजकूर सहजासहजी कॉपी होत नाही, म्हणून तिथे यूपीआय आयडी लिहिणे वाया जाते. स्टेटस पाहणाऱ्याला उत्तर देणे मात्र सर्वांत सोपे असते, तेव्हा तिथले पाऊल तेच असावे: "१,२०० रुपये = एका मुलाच्या ३० संध्याकाळींचे जेवण. या स्टेटसला 'जेवण' असे उत्तर द्या, आयडी पाठवतो." असे उत्तर आले की पाच-दहा मिनिटांत आयडी जायला हवा. म्हणून स्टेटस रात्री साडेआठ-नऊला, आपण स्वतः मोकळे असताना ठेवावे.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनमधला पहिला सुमारे १२५ अक्षरचिन्हांचा भागच आधी दिसतो, बाकीचा "more" दाबल्यावर उघडतो. मराठीत ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर संपते, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. "विद्यार्थ्यांना" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो १५ भरतो. "मुलांना" ७ मध्ये आटोपतो. म्हणून पहिल्या ओळीत जोडाक्षरे जड असलेले शब्द टाळावेत आणि आकडा व रक्कम तिथेच आणावी: "१,२०० रुपयांत एका मुलाचे ३० संध्याकाळींचे जेवण." तिथल्या कॅप्शनमधला दुवा दाबला जात नाही, त्यामुळे दुवा प्रोफाइलमध्ये ठेवून तसे सांगावे.

खानदेशाबाहेर गेलेल्या आपल्या माणसांसाठी, विशेषतः सुरत, नाशिक आणि पुणे इथल्या गटांसाठी, पहिली ओळ अहिराणीत लिहिता येते: "माय-बाप ऊस तोडाले गयात, पोऱ्या गावमाच ऱ्हायनात." घरच्या बोलीने माणूस थबकतो. पण ही ओळ संस्थेची किंवा लिहिणाऱ्याची म्हणून लिहावी, मुलांच्या तोंडी घालू नये. सातपुड्याच्या पायथ्याची ही मुले घरी बहुधा भिली किंवा पावरी बोलतात, आणि त्यांच्या तोंडी अहिराणी घातली तर जाणत्या वाचकाला ती कॅप्शन खोटी वाटेल. पुढचा हिशेबाचा आणि पैसे पाठवण्याचा भाग प्रमाण मराठीतच ठेवावा, तिथे गोंधळ परवडत नाही.

गावातल्या शेतकऱ्यांच्या गटाला पैशांऐवजी धान्य मागणे अधिक स्वाभाविक असते, पण तिथेही एक आकडा आणि एक पाऊल हवे. एका ताटाला साधारण १२० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते असे धरले, तर ३० ताटांना रोज ३.६ किलो लागते आणि ५० किलोचा एक कट्टा १३ संध्याकाळी पुरतो. "ज्वारीचा एक कट्टा म्हणजे १३ संध्याकाळींच्या भाकरी. रविवारी सकाळी १० वाजता ट्रॅक्टर गावात येईल, कट्टा ओट्यावर काढून ठेवा." धान्य आले की तितक्या किमतीने रोख उद्दिष्ट कमी करायला विसरू नये, नाहीतर तीच भाकरी दोनदा मोजली जाते.

करसवलतीची ओळ

संस्थेला 80G ची मान्यता असेल तर पगारदार आणि व्यापारी देणगीदार त्याबद्दल विचारतातच. कॅप्शनमध्ये एक वाक्य पुरते: "80G पावतीसाठी नाव, पत्ता आणि पॅन पाठवा." "कर वाचवा" असे ढोबळ आश्वासन मात्र देऊ नये. ही वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्याने पैसे पाठवू का असे विचारले, तर परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नसताना नम्रपणे नाही म्हणावे.

कॅप्शन चालली की नाही, कसे ओळखायचे

किती जणांनी पसंतीची अंगठ्याची खूण टाकली हे मोजू नये. बँकेच्या नोंदी उघडाव्यात आणि आलेल्या रकमांपैकी किती रकमा १,२०० किंवा त्याच्या पटीत आहेत ते पाहावे. बहुतेक तशा असतील तर आकडा पोहोचला. पैसे येतात पण ५०० आणि १,०००चे येतात, असे दिसले तर लोकांची इच्छा आहे, पण एकक त्यांना मोठे पडते आहे. मग पुढच्या आठवड्यात "६०० रुपये, १५ संध्याकाळी" करून पाहावे. "कुठे पाठवायचे?" असे उत्तर वारंवार आले तर पावलाची ओळ मजकुरात फार खाली गेली आहे. "बाराशे कसे काढले?" असे विचारले गेले तर ते वाईट लक्षण नाही, पण तिघा-चौघांनी विचारले की मानधन आणि गॅसचे वाक्य वर आणावे.

कोणत्या गटातून किती आले हे कळावे म्हणून काही जण एका गटाला १,२०० आणि दुसऱ्याला १,२०१ रुपये सांगतात. आपल्याकडे ही युक्ती फसते, कारण शकुनाचा वरचा एक रुपया लोक आपणहून घालतात. त्याऐवजी टिपेतला शब्द बदलावा, एका गटाला "जेवण" आणि दुसऱ्याला "भाकरी". सर्वजण टीप लिहीत नाहीत आणि प्रत्येक बँकेच्या नोंदीत ती दिसेलच असेही नाही, पण जितक्या दिसतात त्यावरून कल येतो.

पैसे आल्यानंतरच्या दोन कॅप्शन

मोहिमेच्या मध्यावर एकदा प्रगती सांगावी, आणि तीही त्याच एककात: "१२० पैकी ४७ महिन्यांची सोय झाली. पहिल्या महिन्याचा किराणा भरला. ७३ बाकी आहेत." यात केवळ खात्यात जमा झालेली रक्कम धरावी, "देतो" म्हणालेली नाही. उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तर काय होईल हेही याच वेळी सांगणे योग्य. स्वयंपाक करणाऱ्यांचे मानधन आणि गॅस ताटे कमी झाल्याने त्या प्रमाणात कमी होत नाहीत, म्हणून निम्मे पैसे आले तर मुले निम्मी करता येत नाहीत, हंगाम लवकर बंद करावा लागतो. "एवढ्यात जानेवारीच्या मध्यापर्यंत चालेल" असे वाक्य लिहिले की उरलेल्या ७३ महिन्यांना अर्थ येतो.

शेवटची कॅप्शन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ज्यांनी दिले त्या प्रत्येकाला वैयक्तिक पाठवावी. तिच्यात मागणी नसते. ताटांची वही बंद करून यंदाची खरी संख्या लिहावी, ती ३,६०० पेक्षा कमी असली तरी तीच लिहावी: "यंदा ३,४१० ताटे वाढली गेली. प्रत्येक ताटाला ४१ रुपये खर्च आला, गॅस महागल्याने एक रुपया वाढला. ३२ पैकी २८ मुले मार्चअखेर शाळेत होती. उरलेले ४,२०० रुपये पुढच्या हंगामाच्या किराण्यासाठी न्यासाच्या खात्यात आहेत." पुढच्या दिवाळीत हीच माणसे तुमची पहिली ओळ वाचण्याआधी हा संदेश वर सरकवून शोधतात, त्यामुळे तो त्याच क्रमांकावरून आणि त्याच संभाषणात पाठवावा.